शेवटच्या तारखेआधीच्या तारखा

शेवटची तारीखच माहीत नव्हती म्हणून परीक्षेचा फॉर्म राहिला, असं फार कमी जणांचं होतं. तारीख सगळ्यांना माहीत असते. ती नोटीस बोर्डवर लागलेली असते, क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार वेळा फॉरवर्ड होऊन आलेली असते आणि आता बहुतेकांच्या फोनच्या कॅलेंडरमध्येही असते. त्या दिवशी सकाळी फोन इमानदारीत ‘टिंग’ करतो. पण तेव्हा लॉगिन केल्यावर दिसतं की प्रोफाइलमध्ये नावाचं स्पेलिंग चुकलंय, ते फक्त कॉलेजच्या ऑफिसमधूनच दुरुस्त होतं आणि ऑफिसबाहेर रांग जिन्यापर्यंत आलीय. अलर्ट वेळेवर वाजला, पण त्या वेळी करण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं.

यावर कॉमन उपाय म्हणजे अलर्ट वाढवणं. एक आठवडा आधी, तीन दिवस आधी, एक दिवस आधी, एक तास आधी. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. माझ्या एका रूममेटने मागच्या सेमिस्टरला नेमकं हेच केलं होतं. चारही वेळा स्क्रीनवर एकच ओळ आली, ‘एक्झाम फॉर्म लास्ट डेट’. पहिल्यांदा तिने वाचलं, ‘आहे अजून आठवडा’ म्हणून बाजूला सरकवलं. दुसऱ्यांदा न वाचताच सरकवलं. तिसऱ्या वेळी अलर्ट आलेला तिला आठवतच नाही. फॉर्म भरला, पण विलंब शुल्कासकट. तिचं म्हणणं होतं, “ॲपने सांगितलं तरी काय नवीन? मला माहीतच होतं ना!”

तिचं बरोबर आहे. सात, तीन आणि एक हे आकडे आले कुठून? त्या आकड्यांचा फॉर्मशी काहीच संबंध नव्हता. किती दिवस आधी अलर्ट लावायचा हे त्या कामात काय काय अडकू शकतं यावरून ठरतं. ते आधी मोजायचं आणि मग फोन हातात घ्यायचा.

उलटं मोजायचं

एक उदाहरण घेऊ. समजा, विद्यापीठाने विलंब शुल्काशिवाय फॉर्म भरायची शेवटची तारीख दिलीय २० मार्च. कॉलेजची नोटीस सांगते की फॉर्मची प्रिंट आणि पावती १८ मार्चपर्यंत ऑफिसमध्ये जमा करा, कारण पुढे कॉलेजलाही ते फॉर्म तपासून मान्य करायचे असतात. म्हणजे आपल्यासाठी खरी तारीख १८. कॅलेंडरमध्ये २० टाकणाऱ्याने पहिल्याच पायरीवर दोन दिवस घालवले.

आता मागे या. या सगळ्यात सगळ्यात लांब अडकू शकणारी गोष्ट कुठली? बहुतेक जण म्हणतील, साइट डाउन होणं. साइट रात्री एक वाजता परत चालू होते. पैसे अडकले तर मात्र इतक्या लवकर सुटत नाहीत. यूपीआयने फी भरली, अकाउंटमधून कट झाली आणि पोर्टलवर मात्र ‘अनपेड’ दिसतंय, हा सीन कॉलेजमधल्या निम्म्या लोकांनी पाहिलेला असतो. रिझर्व्ह बँकेचं यावर २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला किंवा पोर्टलला पैसे देताना आपल्या खात्यातून रक्कम गेली आणि समोरच्याला पैसे आल्याची खात्रीच मिळाली नाही, तर ती रक्कम व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. बँकवाले याला ‘टी प्लस फाइव्ह’ म्हणतात. टी म्हणजे व्यवहाराचा दिवस.

हे पाच दिवस आपल्या कॅलेंडरसाठी फार कामाचे आहेत. कारण ज्याच्या अकाउंटमध्ये फी दुसऱ्यांदा भरण्याइतके पैसे पडून आहेत, त्याला काही फरक पडत नाही. तो पुन्हा भरेल आणि आधीचे पैसे परत यायची वाट बघेल. पण महिन्याच्या मध्यावर ज्याच्या खात्यात फीपुरतेच पैसे आहेत, त्याला पाच दिवस थांबण्याशिवाय किंवा घरी फोन करून पुन्हा मागण्याशिवाय पर्याय नसतो. म्हणून पैसे भरायचा दिवस १८ मार्चच्या किमान सहा-सात दिवस आधी हवा. ११ तारीख धरू. ११ ला पैसे अडकले, तर १६ पर्यंत परत यायला हवेत. मग दुसऱ्यांदा भरायला आणि प्रिंट घेऊन ऑफिस गाठायला १७ आणि १८ हातात राहतात.

(पैसे अडकले तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी पेमेंट ॲपमध्ये व्यवहार ‘पेंडिंग’ आहे की ‘फेल’ ते बघा. पेंडिंग व्यवहार थोड्या वेळाने यशस्वीही होतो. तेव्हा दोनदा फी भरली गेली, तर जादाचे पैसे परत मिळवायला अर्ज करत बसावं लागतं.)

अजून एक पाऊल मागे. पैसे भरायच्या आधी फॉर्ममधले तपशील बरोबर असायला हवेत. नाव, फोटो, सही, या सेमिस्टरचे विषय आणि मागचा एखादा विषय राहिला असेल तर त्याचा कोड. यातलं काही चुकलेलं असेल तर ते बऱ्याचदा आपल्याला दुरुस्त करता येत नाही. ऑफिसमध्ये अर्ज द्यावा लागतो आणि ऑफिसचे दिवस म्हणजे कामाचे दिवस. मधे रविवार येणार, एखादी सुट्टी येणार, आणि संबंधित क्लार्क रजेवर असण्याची शक्यता तर कायमच असते. तेव्हा या कामाला सहा दिवस देऊ. म्हणजे लॉगिन करून तपासायचा दिवस ५ मार्च.

बघा, तीन तारखा तयार झाल्या. ५, ११ आणि १८. कशाचंही समान अंतर ठेवायचं म्हणून त्या आलेल्या नाहीत. ५ तारीख आली ती ऑफिसला लागणाऱ्या दिवसांमुळे आणि ११ आली ती बँकेच्या पाच दिवसांमुळे. तुमचं कॉलेज दुरुस्ती हातोहात करून देत असेल तर ५ ची ८ करा. तुमच्याकडे फी डीडीने भरायची पद्धत अजून चालू असेल, तर बँकेच्या फेरीसाठी एखादा दिवस आणखी मागे जा.

इथे ‘एवढे दिवस कशाला, माझं दोन दिवसांत होतं’ असं वाटणारच. त्याबद्दल मानसशास्त्रातला एक बराच चर्चिलेला अभ्यास आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या संशोधकांनी १९९४ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, काम कधी संपेल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. खरी गंमत पुढे आहे. ‘सगळंच बिनसलं तर किती दिवस लागतील?’ असंही विचारलं होतं. त्याचं सरासरी उत्तर होतं ४९ च्या आसपास. म्हणजे आपल्या कल्पनेतली वाईटात वाईट परिस्थितीसुद्धा प्रत्यक्षापेक्षा बरी निघाली. त्यामुळे मी सरळ एक हिशोब ठेवलाय. मनात जेवढे दिवस येतील त्याच्या दीडपट धरायचे. ३४ ची दीडपट ५१ होते, म्हणजे त्या विद्यार्थ्यांना हेही थोडं कमीच पडलं असतं. पण त्याहून जास्त धरलं तर आपलं आपल्यालाच खरं वाटत नाही.

एक नोंद की तीन?

आता फोन. आपल्याकडे बहुतेकांच्या फोनमध्ये गुगल कॅलेंडर असतं, म्हणून त्याचंच बोलू. नवीन इव्हेंट तयार केला की खाली Add notification दिसतं. तिथे तयार पर्याय असतात. ते नको असतील तर Custom मध्ये जाऊन मिनिटं, तास, दिवस किंवा आठवडे आपले आपण टाकता येतात. एका इव्हेंटला जास्तीत जास्त पाच अलर्ट लावता येतात आणि सगळ्यात लांबचा अलर्ट चार आठवडे आधीचा असू शकतो. आयफोनच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये एक अलर्ट आणि त्याच्या जोडीला दुसरा, असे दोन मिळतात.

पाच अलर्ट मिळतात म्हटल्यावर सगळे एकाच इव्हेंटला लावायचा मोह होतो. रूममेटची गोची तिथेच झाली होती. अलर्ट कधीही वाजला तरी स्क्रीनवर येतं इव्हेंटचं नाव, आणि नाव तर एकच. १३ दिवस आधी वाजलेल्या अलर्टने ‘प्रोफाइल तपास’ म्हणायला हवं होतं. तो म्हणाला ‘लास्ट डेट’. म्हणून काम वेगळं असेल तर नोंदही वेगळी करायची. आपल्या उदाहरणात तीन इव्हेंट होतील आणि त्यांची नावं अशी असतील:

५ मार्च: ‘सेम६ लॉगिन कर. नाव, फोटो, विषय कोड तपास.’
११ मार्च: ‘सेम६ फी भर. पावती सेव्ह कर.’
१८ मार्च: ‘सेम६ प्रिंट ऑफिसमध्ये जमा, आज शेवटचा दिवस.’

नावात क्रियापद असलं की अलर्ट वाचल्यावर पुढे काय करायचं याचा विचार करावा लागत नाही. एकाच कामाची दोनदा आठवण हवी असेल तेव्हा मात्र एकाच इव्हेंटला दोन अलर्ट लावा. ११ तारखेच्या नोंदीला एक दिवस आधीचा अलर्ट हवाच, कारण फीचे पैसे अकाउंटमध्ये आहेत का ते आदल्या दिवशी बघावं लागतं.

सुरुवातीच्या ‘सेम६’चं कारण सांगते. वेगळ्या नोंदींचा एक तोटा आहे. विद्यापीठाने मुदत वाढवली किंवा परीक्षाच पुढे ढकलली (आणि हे होतं, आपल्याला नव्याने सांगायला नको), तर एक नोंद सरकवली म्हणून बाकीच्या सरकत नाहीत. एकाच इव्हेंटला लावलेले अलर्ट मात्र इव्हेंटबरोबर आपोआप सरकतात. वेगळ्या नोंदी ठेवून ही अडचण टाळायची असेल तर सगळ्यांच्या नावात एकच शब्द ठेवायचा. कॅलेंडरमध्ये ‘सेम६’ सर्च केलं की सगळ्या एकाखाली एक दिसतात. नवं परिपत्रक आलं की दोन मिनिटांत सगळ्यांच्या तारखा बदलता येतात. एखादी जुनी नोंद राहून गेली असेल तर तीही तिथेच सापडते.

टिंग कुठल्या वेळी?

दिवस ठरला तरी वेळ ठरवायची राहते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त अलर्ट इथे वाया जातात. गुगल कॅलेंडरमध्ये वेळ दिलेल्या इव्हेंटचा अलर्ट त्या वेळेपासून मागे मोजला जातो. पेपर सकाळी साडेदहाचा आहे आणि तुम्ही ‘एक दिवस आधी’ निवडलं, तर फोन वाजणार आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला. आदल्या दिवशीही पेपर असेल तर त्या क्षणी तुम्ही हॉलमध्ये, फोन बंद करून बॅगेत आणि बॅग व्हरांड्यात! पेपर सुटल्यावर ढिगाने आलेल्या मेसेजेसमध्ये तो अलर्ट कुठे दिसणार?

याला उपाय म्हणजे दिवसांऐवजी तासांत मोजणं. साडेदहाच्या पेपरला Custom मध्ये ‘१५ तास आधी’ टाका. अलर्ट येईल आदल्या संध्याकाळी साडेसातला. तेव्हा हॉल तिकीट, आयकार्ड, कॅल्क्युलेटर बॅगेत टाकता येतं, आणि हॉल तिकिटाची प्रिंट सापडली नाही तर खालचं झेरॉक्सचं दुकान अजून उघडं असतं. हीच आठवण रात्री साडेअकराला आली असती तर फक्त झोप उडाली असती.

ऑफिसच्या कामाचा अलर्ट ऑफिस उघडं असताना हवा. फी भरायचा अलर्ट घरी निवांत असाल तेव्हाचा हवा, लेक्चरच्या मधला नको. वेळ न देता ‘संपूर्ण दिवस’चा इव्हेंट केलात तर अलर्ट किती वाजता यावा हे वेगळं निवडता येतं, ते नक्की बघा. आपोआप आलेली वेळ तुमच्या दिवसात बसेलच असं नाही.

आणि कॅलेंडरचा अलर्ट म्हणजे गजर नव्हे. तो एकदा वाजतो आणि गप्प बसतो. पेपरच्या सकाळी उठायला घड्याळाचाच गजर लावायचा, त्याचा कॅलेंडरशी संबंध जोडायचा नाही.

लाइट बिलाचं वेगळं गणित

फॉर्मसाठी एवढा खटाटोप केला म्हणून प्रत्येक बिलासाठीही करायचा का? नाही. तारीख चुकली तर नेमकं काय जातं ते आधी बघायचं.

महावितरणचं घरगुती बिल हातात घ्या. त्यावर भरायची एकच तारीख नसते. एक तारीख लवकर भरणाऱ्यांसाठी असते, बिल निघाल्यापासून सात दिवसांची. तोवर भरलं तर कर आणि शुल्क सोडून उरलेल्या रकमेवर एक टक्का सूट मिळते. दुसरी असते नेहमीची अंतिम तारीख, बिलाच्या तारखेपासून २१ दिवसांची. ती उलटली की सव्वा टक्का विलंब आकार लागतो. या तारखांप्रमाणे भरायच्या रकमाही बिलावर वेगवेगळ्या छापलेल्या असतात. (मुंबईत वीज दुसऱ्या कंपनीकडून येत असेल तर तुमच्या बिलावर छापलेल्या तारखाच खऱ्या धरा.)

आता चार जणांच्या फ्लॅटचं १,८०० रुपयांचं बिल धरू. लवकर भरलं तर वाचणार जास्तीत जास्त १८ रुपये, प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी. उशीर झाला तर जाणार साडेबावीस रुपये. म्हणजे सगळ्यात शिस्तशीर आणि सगळ्यात उशिरा भरणाऱ्यात फरक साधारण चाळीस रुपयांचा, तोही चौघांत वाटून. यासाठी पाच अलर्ट लावणं म्हणजे फोनला छळणं आहे. वीज तोडायची वेळ येण्याआधीही कायद्याने १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्यामुळे एक तारीख चुकली की लगेच अंधार होईल, अशी भीती नको. भीती वेगळी आहे. भाड्याच्या घरात ही नोटीस घरमालकाच्या नावाने येते, ती कुणी उघडत नाही आणि दोन बिलं साठली की डिपॉझिटचा विषय निघतो.

इथे खरा वेळ जातो पैसे गोळा करण्यात. प्रत्येकी ४५० रुपये. एक जण लगेच पाठवतो, एक ‘संध्याकाळी करतो’ म्हणतो, आणि चौथ्याचा पगार किंवा घरून येणारे पैसे अजून यायचे असतात. तीन-चार दिवस सहज जातात. म्हणून लाइट बिलाला दोन अलर्ट पुरेत. बिल आलं त्याच संध्याकाळी एक, ‘४५० मागा’. आणि सूट मिळण्याच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी दुसरा, ‘जमले तेवढे घेऊन बिल भरा’.

फ्लॅटमेट्सना त्या इव्हेंटमध्ये गेस्ट म्हणून ॲड केलं की त्यांचेही फोन तुम्ही ठरवलेल्या वेळी वाजतील, असा एक समज असतो. तसं होत नाही. तुम्ही लावलेले अलर्ट फक्त तुमच्या फोनसाठी. पाहुण्यांच्या कॅलेंडरमध्ये इव्हेंट दिसतो, पण अलर्ट येतो तो त्यांच्या स्वतःच्या सेटिंगप्रमाणे आणि त्यांनी सेटिंग बंद ठेवलं असेल तर येतच नाही. चौघांनी एकदा समोरासमोर बसून आपापल्या फोनमध्ये अलर्ट लावले तरच उपयोग. नाहीतर बिल भरणारा एकटाच ‘टिंग’ ऐकत बसतो आणि बाकीचे निर्दोष!

दर महिन्याला आपोआप येणारी नोंद हाही एक फसवा प्रकार. लाइट बिलाची तारीख दर महिन्याला थोडी मागे-पुढे होते. ‘दर महिन्याच्या १५ तारखेला’ असं लावून ठेवलं तर दोन-तीन महिन्यांत अलर्ट आणि बिल यांची फारकत होते. बिल आलं की त्याच वेळी नवी नोंद करणं सोपं. प्रीपेड रिचार्जचं उलट आहे. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे बरोबर चार आठवडे. तिथे ‘दर महिन्याला’ निवडलं तर दर वेळी दोन-तीन दिवस उशीर होत जाणार आणि नेट बंद पडल्यावर कळणार. ‘दर चार आठवड्यांनी’ निवडा, वार कायम तोच राहतो. ८४ दिवसांचा प्लॅन असेल तर दर १२ आठवड्यांनी. महिन्याच्या ३१ तारखेला येणारं काही असेल तर आणखी गंमत. गुगल कॅलेंडर ज्या महिन्यात ३१ तारीख नाही तो महिना सरळ गाळून टाकतं. वर्षात सातच वेळा आठवण! अशी नोंद २८ तारखेवर आणून ठेवा.

वाजतो का ते आधी बघा

एवढं सगळं लावून फोन वाजलाच नाही तर? अँड्रॉइड फोनमध्ये हे होतं. बॅटरी वाचवायची सेटिंग्ज बऱ्याच फोनमध्ये कडक असतात आणि फारशी न उघडली जाणारी ॲप्स फोन झोपवून ठेवतो. कधी आपणच वैतागून कॅलेंडरची नोटिफिकेशन्स बंद केलेली असतात. कधी रात्रभर लावलेला ‘डू नॉट डिस्टर्ब’ सकाळीही चालूच राहतो.

तपासायला दहा मिनिटं लागतात. आत्तापासून पंधरा मिनिटांनंतरचा एक खोटा इव्हेंट करा, त्याला दहा मिनिटं आधीचा अलर्ट लावा, ॲप बंद करा, स्क्रीन बंद करा आणि फोन टेबलवर ठेवून द्या. पाच मिनिटांनी वाजला तर ठीक. नाही वाजला तर फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅलेंडरची नोटिफिकेशन्स चालू आहेत का आणि बॅटरीच्या यादीत कॅलेंडरवर बंधन घातलंय का, ते बघा. बंधन काढा आणि पुन्हा करून बघा. फोन बदलला किंवा मोठा अपडेट आला की ही परीक्षा परत घ्यायची. ज्याचं फार नुकसान होऊ शकतं अशा एखाद-दोन तारखांना अलर्टबरोबर ईमेलचाही पर्याय लावता येतो. फोन बिघडला तरी कॉलेजच्या लॅबमध्ये मेल उघडल्यावर दिसेल.

परीक्षेच्या मुख्य तारखेसाठी चार आठवड्यांची मर्यादाही लक्षात असू द्या. नेट, सेट किंवा एखादी सीईटी तीन महिन्यांवर असेल आणि अभ्यासाचा पहिला इशारा दहा आठवडे आधी हवा असेल, तर परीक्षेच्या इव्हेंटला तो लावता येणार नाही. त्या आधीच्या तारखेला वेगळी नोंद करावी लागेल.

सहसा कुणी करत नाही असं एक काम अजून राहतं. समजा, ११ ऐवजी ९ मार्चलाच फी भरून झाली. तर ११ ची नोंद तिथल्या तिथे डिलीट करा. ‘झालंय ते माहीतच आहे’ म्हणून ठेवली, तर ११ ला फोन वाजेल आणि तुम्ही तो न वाचता सरकवाल. असं तीन-चारदा झालं की हाताला तीच सवय लागते, आणि मग १८ चाही त्याच झटक्यात सरकतो. एखादा अलर्ट सलग दोनदा काहीही न करता सरकवला असेल, तर तो चुकीच्या वेळी लागलाय किंवा त्याचं नाव चुकलंय. अशा वेळी तिसऱ्यांदा वाजायची वाट न बघता त्याची वेळ बदला. माझ्या रूममेटने या सेमिस्टरला फॉर्मचा अलर्ट रात्री नऊवरून दुपारी सव्वादोनवर आणलाय. त्या वेळी ती कॅन्टीनमध्ये असते, ऑफिस समोरच असतं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर खिडकी नुकतीच उघडलेली असते.